काय फेकलं रं?

गेल्या उन्हाळ्यात कवठे येमाईला घरून काम करत होतो. डिप्लॉयमेंट अर्ध्यावर असताना लाइट गेली, मागोमाग इन्व्हर्टरही बसला आणि माझ्या तोंडून निघालं, "फक!"

शेजारी आज्जी लसूण सोलत होती. तिनं मान वर केली. "काय फेकलं रं?"

"काही नाही आज्जी, लाइट गेली."

ती परत लसणाकडे वळली. मी सुटलो.

हाच राग मराठीत निघाला असता तर? नऊ वर्षांचा असताना खेळता खेळता चुलतभावाला आईवरून शिवी दिली होती. अप्पा मागेच उभे होते. कानाखाली बसली. "जीभ हासडीन" हे शब्द अजून ऐकू येतात. आमच्या शिव्या आई-बहिणीला मधे ओढतात, आणि घरात आई तर समोरच बसलेली असते. म्हणून ती शिवी आजही त्यांच्यासमोर घशातच अडकते. इंग्रजी शिवी मात्र हॉस्टेलवर शिकलो. तिच्यासाठी कधी कुणी मारलं नाही, उलट तिच्यामुळे मित्र मिळाले.

यावर २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी मातृभाषा तुर्की असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावले. भावना उसळली की त्वचेवरचा घाम किंचित वाढतो, तो मोजायचा. वर्ज्य शब्दांना तुर्कीत जास्त प्रतिसाद मिळाला. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांमध्ये, म्हणजे "लाज नाही वाटत?" छापाच्या वाक्यांमध्ये. तुर्कीत ती चटका देत होती, इंग्रजीत तेवढी नाही.

म्हणजे मला दोन आडोसे होते. आज्जी-अप्पांना शब्द कळत नव्हता, आणि मला तो पुरता लागत नव्हता.

पहिला आडोसा पुतण्यानं काढला. तो पाच वर्षांचा आहे, इंग्रजी शाळेत जातो. त्याला ओरडा बसतो तोच इंग्रजीत. परवा कॉलवर माझ्या तोंडून तोच शब्द गेला, तर हा अंगणातून किंचाळला, "काका, बॅड वर्ड!"

अप्पांनी पेपर खाली केला. "म्हंजे ती शिवी हाय व्हय?"

मी गप्प.

"मला वाटायचं, कॉम्प्युटरमधला शब्द आसंल." एवढंच म्हणून त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. इतके दिवस ते माझ्या कामातला शब्द म्हणून तो ऐकून घेत होते. माझे कान तापले, तळहाताला घाम आला. त्या दिवशी माझ्या बोटांना इलेक्ट्रोड लावले असते, तर इंग्रजी आणि मराठीतला फरक दिसला नसता.