वेताचे डोळे मोजताना

आपल्या सुरतेत कापडाच्या धंद्यातल्या माणसाच्या खिशात एक छोटं भिंग हमखास सापडतं, पिक ग्लास. ते कापडावर ठेवायचं आणि एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं. आमच्या काकांची उमेद लूमवर गेली. कापड हातात घेतलं की भाव विचारण्याआधी ते धागे मोजत. मी घरांच्या सजावटीचे थ्रीडी रेंडर करतो, आणि वेत-तागाचं फर्निचर दाखवताना मला काकांची तीच सवय उपयोगी पडते.

मागच्या महिन्यात माझ्या मामेबहिणीने तिच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा दिवाणखाना पाठवला. वेताच्या पाठीची खुर्ची, तागाचा गालिचा, घडीव लोखंडाचं टेबल. उजेड छान, रंग छान. "दादा, सगळं बरोबर आहे, तरी खुर्ची भातुकलीतली का वाटते?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, "आधी पाठीवरचे डोळे मोज." आडवे भरले सोळा, उभेही सोळा. दुखणं तिथेच होतं.

वेताच्या जाळीची नेहमीची वीण अशी असते: दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या, आणि त्यांच्यातून तिरप्या जाणाऱ्या पट्ट्या. मधे राहतो तो अष्टकोनी डोळा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाळीत एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साधारण अर्धा इंच, म्हणजे साडेबारा मिलिमीटर अंतर असतं. तिची खुर्चीची पाठ ४५ सेंटीमीटर रुंद आणि ४० उंच होती. एवढ्या जागेत ३६ आडवे आणि ३२ उभे डोळे हवेत. सोळाच बसले, म्हणून प्रत्येक डोळा दुपटीहून मोठा झाला. आपली नजर डोळ्याचं माप ओळखीचं धरते आणि खुर्चीच लहान आहे असं समजते. शिवाय रुंदी-उंची सारखी नसल्याने डोळे आडवे ताणले गेले होते. टेक्श्चर नुसतं ओढून बसवलंय, याची ही पक्की खूण.

उपाय साध्या भागाकाराचा. तिच्या टेक्श्चरच्या चित्रात सोळा डोळे होते, म्हणजे ते चित्र खऱ्या जगातल्या २० सेंटीमीटर जाळीचं. ४५ भागिले २० म्हणजे सव्वादोन, ४० भागिले २० म्हणजे दोन. ब्लेंडरमध्ये `Mapping` नोडच्या `Scale` मध्ये X ला `2.25` आणि Y ला `2` भरलं, की झालं. मात्र हा हिशेब खुर्चीची पाठ UV च्या पूर्ण चौकोनात बसवलेली असेल तेव्हाच जुळतो. आणि जाळीची भोकं नुसती काळी रंगवून चालत नाही. ती आरपार हवीत, म्हणजे मागची भिंत दिसते आणि जमिनीवर जाळीची सावली पडते.

तागाची गोष्ट उलटी आहे. गालिच्यासाठी तिने गोणपाटाची वीण घेतली होती. साध्या गोणपाटात इंचाला अकरा-बारा धागे, म्हणजे दोन धाग्यांत जेमतेम दोन मिलिमीटर. तिच्या चित्रात चार मीटरची खोली १९२० पिक्सेलमध्ये बसली होती, म्हणजे एक पिक्सेलही जवळजवळ दोन मिलिमीटरचा. वेताच्या डोळ्याला सहा पिक्सेल मिळतात, तो स्पष्ट दिसतो. तागाच्या धाग्याला एकच मिळतो, आणि मग गालिच्यावर पाण्यासारख्या लाटा उमटतात. अशा वेळी धागे दिसावेत म्हणून वीण मोठी करायचा मोह होतो, पण मग गालिचा दोरखंडाचा वाटू लागतो. एवढ्या अंतरावरून खऱ्या खोलीतही धागे सुटे दिसत नाहीत. दिसतो तो मातकट रंग, थोडा कमी-जास्त, आणि अजिबात न चमकणारा पृष्ठभाग. म्हणून दूरच्या चित्रात धाग्यांचा उठाव काढून टाकायचा आणि तो जवळच्या चित्रासाठी राखून ठेवायचा.

लोखंडाला वीण नाही, पण मापाचा नियम त्यालाही लागू आहे. बारा मिलिमीटरच्या चौकोनी सळीवर हातोड्याचे ठोके सळीच्या रुंदीएवढे असतात. ते त्याहून मोठे दिसले तर सळी खांबासारखी वाटते. आणि काळा रंग दिलेलं लोखंड चमकताना धातूसारखं नाही, रंगासारखं चमकतं. म्हणून `Metallic` शून्यावर ठेवायचं.

टेक्श्चरचा फोटो स्वतः काढणार असाल तर जाळीशेजारी शाळेतली पट्टी ठेवून काढा. पट्टी नंतर कापता येते, पण चित्रात किती सेंटीमीटर आलेत हे एकदा लिहून ठेवलं की पुढचा सगळा हिशेब त्यावरून निघतो.