डावी कड कापलेला फोटो

प्रश्नपत्रिकेच्या फोटोत सगळ्यात आधी बळी जातो तो डाव्या कडेचा. बांधीव पुस्तिका असेल तर डावीकडची अक्षरं शिवणीच्या खोबणीत बुडतात. सुटं पान असेल तर मोबाइलचं स्कॅन करणारं ॲप कड 'सरळ' करताना दोन-तीन मिलिमीटर कापून टाकतं. प्रश्नाचा मजकूर लांब असतो, त्यामुळे एखादं अक्षर गेलं तरी अर्थ लागतो. पर्यायाचा क्रमांक मात्र एकाच आकड्याचा असतो. तो गेला की उत्तर माहीत असूनही उत्तरपत्रिकेत कोणतं वर्तुळ काळं करायचं ते कळत नाही.

मी प्रतिमांवर काम करणारं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून घरातले सगळे धूसर फोटो शेवटी माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीचा आला. ती राज्यसेवेची तयारी करते. तिच्या क्लासने सराव परीक्षा घेतली आणि प्रश्नपत्रिका परत घेतल्या, पण त्याआधी मुलांना फोटो काढू दिले. हातात राहिली ती उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत. उत्तरतालिका आली ती नुसत्या आकड्यांची: प्रश्न 37, उत्तर 2. बहिणीने 3 काळं केलं होतं. प्रश्नाला दोन गुण, चुकलं तर अर्धा वजा, म्हणजे अडीच गुणांचा फरक. पहिल्या दहांना अभ्यासिकेची फी माफ होती आणि ती अकरावी होती. आक्षेप संध्याकाळी सहापर्यंत द्यायचा होता.

"दादा, उत्तर मला येत होतं रे. पण मी कुठलं गोल भरलं तेच आता कळत नाहीये," ती म्हणाली.

प्रश्न नद्यांचा होता. तीन विधानं: गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते, तापी महाराष्ट्रात उगम पावते, भीमा कृष्णेला मिळते. तापीचा उगम मध्य प्रदेशात मुलताईला, म्हणजे मधलं विधान चूक. बरोबर उत्तर 'फक्त अ आणि क'. पर्याय दोन ओळींत, दोन रकान्यांत छापलेले होते. वर डावीकडे 'फक्त अ आणि ब', वर उजवीकडे 'फक्त ब आणि क', खाली डावीकडे 'फक्त अ आणि क', खाली उजवीकडे 'वरील सर्व'. डाव्या रकान्यातले दोन्ही क्रमांक कापले गेले होते.

अशा वेळी डोळे ताणून कापलेल्या आकड्याकडेच बघत राहावंसं वाटतं. त्याआधी मांडणीचा विचार करावा. चार पर्याय दोन रकान्यांत दोनच रीतींनी बसतात. आडवे वाचले तर वरच्या ओळीत 1 आणि 2, खालच्या ओळीत 3 आणि 4. उभे वाचले तर डाव्या रकान्यात 1 आणि 2, उजव्यात 3 आणि 4. दोन्ही रीतींत पहिला पर्याय वर डावीकडेच असतो आणि चौथा खाली उजवीकडेच. बदलतात फक्त मधले दोन. म्हणून खालचा '4' कितीही स्वच्छ दिसला तरी त्याची साक्ष निरुपयोगी. 'वरील सर्व' शेवटी आहे, यावरूनही काही कळत नाही. निकाल लावणारा आकडा एकच, वर उजवीकडचा. तो 2 असेल तर मांडणी आडवी, 'अ आणि क' तिसरा आणि तालिका चूक. तो 3 असेल तर मांडणी उभी, 'अ आणि क' दुसरा, तालिका बरोबर आणि बहिणीने भलतंच वर्तुळ भरलेलं. तो आकडा कापला गेला नव्हता, फक्त धूसर होता. म्हणजे कापलेली कड बाजूला ठेवून प्रश्न एवढाच उरला, की हा 2 आहे की 3?

पण त्याआधी एक खात्री करायची होती. विधानांची अ, ब, क ही अक्षरंसुद्धा डाव्या कडेलाच होती आणि अर्धी गेली होती. मधलं विधान दोन ओळींचं होतं. नवं विधान नेमकं कुठे सुरू होतं हे चुकलं तर 'अ आणि क' याचा अर्थच बदलतो. इथे अक्षरांचे उजवे अर्धे भाग कामी येतात. अ आणि ब दोन्ही दंडावर संपतात, त्यामुळे डावा भाग गेला की ती सारखीच दिसतात. क मात्र दंडाच्या उजवीकडे एक वळण सोडतो. ते वळण चौथ्या ओळीच्या सुरुवातीला दिसत होतं. शिवाय तिसरी ओळ पानाच्या मध्यावरच पूर्णविरामाने संपली होती, म्हणजे तिथे वाक्य संपलं आणि पुढच्या ओळीला नवं विधान सुरू झालं. दोन वेगळ्या खुणा एकच सांगत होत्या.

मग आकड्याकडे वळलो. "मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव," असं आधी सांगितलं, पण मोबाइलमधली जागा संपल्याने तिने तो पुसून टाकला होता. उरला होता व्हॉट्सॲपवरचा. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू व्हॉट्सॲपवर साधारण 1600 पिक्सेलवर येते. ए-फोर पान 297 मिलिमीटर उंच, म्हणजे मिलिमीटरला साधारण साडेपाच पिक्सेल. नेहमीच्या दहा पॉइंट टाइपातला आकडा अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच असतो, म्हणजे आपल्या हातात तेरा-चौदा पिक्सेल. फोटो कितीही मोठा केला तरी हे तेरा पिक्सेल तेराच राहतात, फक्त चौकोन मोठे दिसतात. 'शार्प' केलं तर कडा गडद होतात, पण पुसलेली रेघ परत येत नाही. म्हणून फोटो सुधारण्यापेक्षा तो कसा बिघडला हे शोधणं जास्त उपयोगाचं.

इथे देवनागरीने मोठी सोय करून ठेवली आहे. शिरोरेषा आडवी, दंड उभा, आणि दोन्ही जवळजवळ प्रत्येक शब्दात असतात. फोटो काढताना हात आडवा हलला तर दंड जाड किंवा दुहेरी होतात आणि शिरोरेषा बारीक, ठसठशीत राहते, कारण आडवी रेघ आडवी सरकली तरी स्वतःवरच पडते. हात उभा हलला तर उलट होतं. शिरोरेषा जाड होते, मात्रा तिच्यात मिसळतात आणि दंड स्वच्छ राहतात. दोन्ही सारखेच फुगलेले असतील तर हात हललेला नसून फोकस चुकलेला असतो, किंवा हात तिरका हललेला असतो. बहिणीच्या फोटोत दंड दुहेरी होते आणि शिरोरेषा बारीक. म्हणजे हात आडवा हलला होता.

हे कळल्यावर 2 आणि 3 वेगळे करता येतात. आडव्या हलण्यात आडव्या रेघा टिकतात आणि उभ्या-तिरक्या रेघा फिक्या होतात. 3 या आकड्यात आडवे भाग तीन: वर, मध्ये आणि खाली. 2 मध्ये दोन: वरची कमान आणि खालची सपाट बैठक. मधली तिरकी रेघ पसरून करडी होते. तेव्हा आकार ओळखायच्या फंदात न पडता काळे पट्टे मोजायचे. दोन असतील तर 2, तीन असतील तर 3. हात उभा हलला असता तर हेच पट्टे एकमेकांत मिसळले असते आणि ही युक्ती चालली नसती. तेव्हा B आणि D सुद्धा सारखेच दिसतात, कारण B ची मधली आडवी रेघच नाहीशी होते.

मला दोन पट्टे दिसले, पण मला दोनच दिसायला हवे होते, हीही अडचण होती. बहीण रडवेली झाली होती आणि 2 दिसला तर ती जिंकणार होती. असा डोळा काय वाटेल ते वाचतो. म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे त्याच पानावर, त्याच टाइपात, नक्की माहीत असलेले 2 आणि 3 शोधले. दोन प्रश्न खाली पुणे कराराचं वर्ष विचारलं होतं आणि पर्यायांत 1932 होतं. एकाच आकड्यात 3 आणि 2 शेजारी-शेजारी, तितकेच हललेले. तिथल्या 3 मध्ये तीन पट्टे मोजता येत होते, 2 मध्ये दोन. तुलनेचा नमुना जवळचाच घ्यावा लागतो, कारण पान वाकलेलं असलं की वरचा आणि खालचा भाग सारखा बिघडत नाही.

दुसरी गोष्ट, वादग्रस्त आकडा एकटा कापून घेतला आणि माझ्या रूममेटला दाखवला. तो कोट्टायमचा, त्याला मराठी येत नाही आणि प्रकरणही माहीत नव्हतं. आकडा कोणता हे विचारलं नाही. काळ्या पट्ट्या किती, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "दोन. खालची जास्त गडद." 2 ची बैठक अशीच असायला हवी.

याखेरीज एक स्वतंत्र साक्षीदार त्या पुणे कराराच्या प्रश्नातच होता. त्याचे पर्याय वर 1930 आणि 1931, खाली 1932 आणि 1935 असे होते. आडवे वाचले तर वर्षं चढत्या क्रमाने येतात. उभे वाचले तर 1930, 1932, 1931, 1935. पेपर काढणारे नेहमी चढता क्रम ठेवतातच असं नाही, म्हणून एका प्रश्नावर भिस्त ठेवू नये. त्या पानावर संख्यांचे पर्याय असलेले आणखी दोन प्रश्न होते आणि तेही आडवेच चढत होते. एकाच पेपरची जुळणी सहसा एकाच साच्यात होते.

आक्षेपात आम्ही 'उत्तर 3 आहे' असं लिहिलं नाही. 'योग्य पर्याय: फक्त अ आणि क, तालिकेतील पर्याय 2 म्हणजे फक्त ब आणि क, आणि विधान ब चूक आहे' असं लिहिलं. क्लासकडे मूळ पेपर होता, त्यांनी ताडून पाहिलं आणि तालिका दुरुस्त केली. ती दुरुस्ती सगळ्यांनाच लागू झाली, त्यामुळे बहिणीच्या पुढचे दोघेही वर सरकले आणि ती दहावी आली की नाही हे कळायला आणखी दोन दिवस गेले. आली.

ही पद्धत प्रत्येक वेळी चालत नाही. पर्याय एकाखाली एक छापलेले असतील तर उजवा रकानाच नसतो आणि वरून मोजणं एवढंच हातात राहतं. तेव्हा पहिला दिसणारा पर्याय खरोखर पहिलाच आहे का, की पहिला मागच्या पानाच्या तळाशी राहिला, हे बघावं लागतं. त्या वरच्या पर्यायाच्या डोक्यावर प्रश्नाची शेवटची ओळ दिसत असेल तरच मोजणीवर विश्वास ठेवावा. फोकस चुकलेला असेल आणि आकड्याच्या वाट्याला सहा-सात पिक्सेलच आले असतील तर पट्टेही मोजता येत नाहीत. अशा फोटोवरून उत्तर विचारलं तर मी पर्यायाचा पूर्ण मजकूर लिहून पाठवतो, क्रमांक लिहीत नाही. ज्याच्यापाशी कागद आहे त्याने तो मजकूर शोधून क्रमांक बघावा.