नाना शंकरशेट यांचं नाव मुंबई सेंट्रलला नको, ग्रँट रोडला द्या

मंडळी, आधी एक कबुली. गेल्या महिन्यात मी एका दैनिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं होतं. "नानांनी उभारलेल्या मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्या," असं त्यात ठोकून लिहिलं होतं. दोन दिवसांनी संपादकांचा फोन. "अहो, नाना वारले कधी आणि मुंबई सेंट्रल सुरू झालं कधी?"

नाना गेले ३१ जुलै १८६५ रोजी. स्टेशन सुरू झालं डिसेंबर १९३० मध्ये. मधे पासष्ट वर्षं! इतकी वर्षं बातम्या लिहून मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डवर विसंबलो होतो. लाज वाटली. मग पुन्हा वाचलं, तपासलं आणि पत्र नव्यानं लिहिलं. ते इथे देतोय.

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेट यांचं नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२० मध्ये घेतला. नानांचा सन्मान व्हावा याबद्दल दुमत नाही. पण स्टेशन चुकतंय, असं माझं म्हणणं आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती जीआयपी कंपनीची, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची. नानांचा हातभार होता तो या कंपनीला. मुंबई सेंट्रल बांधलं बीबीसीआय कंपनीने, आजच्या पश्चिम रेल्वेच्या लाइनवर. त्यामुळे "नानांनी रेल्वे आणली" हे कारण त्या स्टेशनाला लागू पडत नाही. बोरीबंदरच्या जागी आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे, तिथे बदलाचा प्रश्नच नाही.

मुंबई सेंट्रलच्या अलीकडचं स्टेशन ग्रँट रोड. तेही बीबीसीआयचंच, म्हणून रेल्वेचा मुद्दा मी तिथेही लावणार नाही. माझा मुद्दा जागेचा आहे. स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की नाना चौक लागतो. याच ग्रँट रोडवर नानांनी दिलेल्या जमिनीवर १८४६ मध्ये नाटकगृह उभं राहिलं. सांगलीचे विष्णुदास भावे १८५३ मध्ये आपली मंडळी घेऊन आले, तेव्हा मराठी नाटक मुंबईकरांनी तिथेच पाहिलं. स्टेशन सुरू झालं १८६४ मध्ये, नानांच्या हयातीत. आणि ज्यांचं नाव आज पाटीवर आहे ते रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. तेव्हा देशात प्रवासी रेल्वेच नव्हती. रस्त्याला त्यांचं नाव मिळालं आणि रस्त्यावरून ते स्टेशनाला चिकटलं, इतकंच.

नाव बदलणं सोपं नाही, याची जाणीव आहे. राज्याचा प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तिथून रेल्वे, टपाल खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचं मत घेतलं जातं. ना हरकत मिळाली की राज्य अधिसूचना काढतं, मग रेल्वे पाट्या, तिकिटं आणि स्टेशनचा कोड बदलते. गृह मंत्रालयाच्या १९५३ च्या सूचना तर स्पष्ट आहेत: लोकांच्या तोंडी बसलेलं नाव खास कारणाशिवाय बदलू नये, निव्वळ स्थानिक अभिमानापोटी तर नाहीच, आणि राज्याने कारणं सविस्तर द्यावीत. "थोर पुरुष होते" एवढ्यावर भागत नाही. "त्यांचा याच जागेशी संबंध होता" हे दाखवता आलं तर प्रस्तावात दम येतो. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, तेही त्या परिसराचंच नाव होतं.

म्हणून विनंती अशी, की राज्याने आधीचा प्रस्ताव मागे घ्यावा आणि ग्रँट रोडसाठी नवा पाठवावा. दोन्ही एकदम नकोत, एकाच नावाची दोन शेजारची स्टेशनं झाली तर प्रवाशांचा गोंधळ होईल. नाव "नाना शंकरशेट" एवढंच असावं. लांबलचक नावाची लोक आद्याक्षरं करतात आणि माणूस हरवतो. सीएसएमटी म्हणताना महाराज कुणाच्या डोळ्यासमोर येतात?

आपला,
एक वाचक

पत्र छापून आलं. लगेच आमच्याच दोघा-तिघांचे फोन आले, "मोठं टर्मिनस मिळत होतं, तू लोकल स्टेशनवर आणून ठेवलंस!" नाना मुरबाडच्या मुरकुटे घराण्यातले, त्यामुळे आम्हा मुरबाडकरांना ते लागणारच. आपल्या मुरबाडात तर अजून रेल्वेच नाही, कल्याणपर्यंत एसटीने जावं लागतं. राग समजतो. पण खोट्या कारणावर मोठी पाटी लावली, तर उद्या शाळेतलं एखादं पोर दोन सनावळ्या समोर ठेवून आपल्याला गप्प करेल. मला तर संपादकांनी एका फोनवर केलं.

तुम्हाला काय वाटतं? माहितीत चूक असेल तर जरूर सांगा, दुरुस्त करीन.