खोकल्याचा फॉरवर्ड आणि आत्याला गेलेला फोन

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी आत्याने मेसेज टाकला: एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल. खाली सात जणांनी हात जोडले. माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे, तोही ग्रुपमध्ये आहे. तो काहीच बोलला नाही. घरी खोकत बसण्यात 108ला फोन करायची मिनिटं निघून जातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुपारी त्याने आत्याला फोन केला, "आत्या, सकाळचा तो मेसेज खरा नाही गं. पण तिथे सगळ्यांसमोर कसं सांगू?" आत्याला पटलं. मेसेज मात्र ग्रुपवर तसाच राहिला, आणि हात जोडणाऱ्या सात जणांना काहीच कळलं नाही.

मी संज्ञापनाची अभ्यासक आहे. कुटुंबांच्या ग्रुपमधल्या खोट्या माहितीवर एका संशोधनाचा आराखडा सध्या लिहिते आहे, आणि तो या फोनभोवती उभा आहे. अशा फॉरवर्डचं टोक आपण पाहिलं आहे: 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवांनंतर, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असा बदल जाहीर केला. त्याने वेग कमी होतो. पण आत्याला एकाच ग्रुपवर टाकायचं होतं, तिला ती मर्यादा आड आलीच नाही. घरच्या ग्रुपमध्ये अडवणारं असतं ते नातं, आणि ते खोट्याला नाही, दुरुस्तीला अडवतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न कोण फसतं हा नाही. चूक लक्षात आलेला माणूस ती ग्रुपमध्ये सांगतो, खाजगीत सांगतो की गिळून टाकतो, आणि हे पाठवणाऱ्याच्या वयावर, मानावर, माहेर-सासरच्या नात्यावर किती ठरतं? दुसरा प्रश्न त्याला जोडूनच येतो: खाजगीत सांगितलेली दुरुस्ती ग्रुपपर्यंत परत येते का?

यासाठी नुसता चॅट पुरत नाही. ग्रुपचा चॅट फाइलमध्ये काढला की तारीख, नाव, मजकूर मिळतो. पण मेसेज फॉरवर्ड होता ही खूण त्या फाइलमध्ये उतरत नाही. तो फॉरवर्ड होता की स्वतः लिहिलेला, हे मजकुरावरून ओळखावं लागतं. आणि आत्याला गेलेला फोन त्यात नसतोच. आमच्या ग्रुपची फाइल परक्या अभ्यासकाने वाचली असती, तर "कोणीही दुरुस्त केलं नाही" अशी नोंद केली असती आणि ती चूक ठरली असती. म्हणून प्रत्येक ग्रुपमधल्या तिघांची मुलाखत घ्यायची: जास्त पाठवणारा, दुरुस्त करणारा आणि गप्प बसणारा. मुलाखत आठवड्याभरात व्हायला हवी, कारण असे फोन माणूस लवकर विसरतो.

नमुना निवडताना सोपी वाट म्हणजे विद्यार्थ्यांना त्यांच्या घरचे ग्रुप मागणं. तसं केलं तर मिळतात ती कॉलेजात जाणारी मुलं असलेली घरं, म्हणजे नेमकी दुरुस्ती करणारं माणूस असलेली घरं. त्याऐवजी पुणे शहर आणि सोलापूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या मतदारयाद्यांमधून चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची आणि 60 ग्रुप घ्यायचे, असं मी ठरवलं आहे. सरासरी 15 जण धरले तर माणसं 900 होतात. हा आकडा भरघोस वाटतो, पण एका घरातली माणसं एकमेकांसारखी वागतात. त्यांच्या वागण्यातला सारखेपणा 0.2 धरला, तर हिशेब 1 + (14 × 0.2) = 3.8 असा येतो, आणि 900 माणसांची माहिती सुट्या निवडलेल्या सुमारे 237 जणांइतकीच भरते. म्हणून वाढवायचे ते ग्रुप, माणसं नव्हे.

खरी अडचण संमतीची आहे. चॅट एकाने दिला तरी त्यात बोलणं सगळ्यांचं असतं. प्रत्येक जण हो म्हणण्याची शक्यता 90 टक्के धरली, तरी 15 च्या 15 जणांचा होकार मिळण्याची शक्यता फक्त 21 टक्के राहते. सगळ्यांच्या होकाराचा आग्रह धरला तर हाती लागतील ते लहान आणि गुण्यागोविंदाने नांदणारे ग्रुप. भांडण होऊन दोन काका बाहेर पडलेले ग्रुप यायचेच नाहीत, आणि दुरुस्तीची किंमत काय पडते ते कळतं तिथेच. नकार देणाऱ्यांचे मेसेज आमच्याकडे येण्याआधीच कोरे करायचे, असा मार्ग मी सुचवला आहे. मग काही उत्तरं कशाला दिली होती ते समजणार नाही. तेवढं नुकसान मी पत्करते.

या अभ्यासातून महाराष्ट्रात किती खोटं पसरतं याचा आकडा निघणार नाही. 60 ग्रुपमधून तो काढणं अप्रामाणिक ठरेल. शिवाय अभ्यास चालू आहे हे कळल्यावर माणसं थोडी जपून पाठवतील, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदी मी मोजणीत धरणार नाही.

उद्या असा अभ्यास घेऊन कोणी तुमच्या दारी आलं, तर ग्रुपमध्ये काय आलं ते दाखवाच; पण त्यानंतर कोणी कोणाला फोन केला, तेही आठवून सांगा.