दोन ते पाच

मुंबई विमानतळाचं भाडं आलं की मी जायची वेळ नंतर विचारतो, परत कधी यायचंय ते आधी विचारतो. आमच्या धंद्यात जाताना कोणी फारसं मरत नाही. पाहुणे गाडीत असतात, बोलणं चालू असतं, विमान चुकेल या धाकाने सगळेच जागे असतात. धोका असतो तो पाहुणे उतरल्यावर, रिकाम्या गाडीत.

हिशेब असा असतो. पहाटे साडेपाचचं परदेशाचं विमान म्हणजे अडीचपर्यंत टर्मिनल गाठायचं. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतून रात्री नऊला निघायचं. माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढायचं, जांबरगाव, शिर्डी, सिन्नर मागे टाकत इगतपुरीचा बोगदा पार करायचा आणि आमण्याला उतरून भिवंडी-ठाण्यातून विमानतळ गाठायचं. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसाऱ्याचा घाट सुटला. वाटेतला एक थांबा धरून साडेपाच तास. इथवर सगळं ठीक.

मग शेठचा फोन येतो. "सोडलं का? मग निघ लगेच. नऊला अजिंठ्याचं भाडं आहे." म्हणजे पावणेतीन ते साडेआठ, रिकामी गाडी, तोच सरळ रस्ता. माणसाच्या अंगात एक घड्याळ असतं, ते रात्री दोन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात खाली असतं. झोप झालेली असली तरी खाली असतंच, आणि इथे तर ती झालेलीही नाही. सकाळी सहाला उठलेला माणूस पहाटे तीनला 21 तास जागा असतो. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जागरण आणि दारू यांची तुलना केली होती. 17 तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका घसरला होता. आपल्याकडे कायद्याने चालकाला 0.03 टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. म्हणजे नाक्यावर यंत्रात फुंकून मी सुटेन, पण गाडी चालवीन पिलेल्यासारखीच.

म्हणून रात्रीचं भाडं घेतलं की झोप दुपारीच घ्यायची. दोन ते साडेतीन. जेवणानंतर त्या वेळी अंग तसंही जड होतं, त्याचा फायदा घ्यायचा. खोली अंधारी करायची, फोन बायकोकडे द्यायचा. दीड तासच का, तर झोपेचा एक पूर्ण फेरा साधारण तेवढ्याचा असतो आणि फेरा संपताना उठलं की डोकं जड राहत नाही. आठला जेवायचं ते भाकरी-भाजी, आणि पोट थोडं रिकामं ठेवून. लग्नाच्या पंगतीतून उठून तसाच गाडीवर बसणारा ड्रायव्हर बघितला की मला त्याच्यापेक्षा त्याच्या पाहुण्यांची काळजी वाटते.

समृद्धीवर झोप येते ती जुन्या रस्त्यावरच्यासारखी नाही. जुन्या नगर-नाशिक रस्त्यांवर खड्डा, गाव, गतिरोधक, बैलगाडी यांनी माणूस आपोआप जागा राहायचा. इथे सरळ काँक्रीट, टायरचा एकसुरी घरघराट आणि समोर फक्त पट्ट्या. डोळे उघडे असतात आणि मेंदू निघून गेलेला असतो. त्याची खूण जांभई नाही. जांभई फार आधीची, तेव्हा अजून वेळ असतो. खरी खूण म्हणजे मागच्या दहा किलोमीटरमध्ये काय दिसलं ते आठवत नाही. काटा 90 वर, मग 105 वर, मग 85 वर हलायला लागतो. चाक पट्टीवर जाऊन खडखडतं आणि आपण दचकतो. दचकलात म्हणजे एक डुलकी होऊन गेली. ताशी 100 ने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभरावर मीटर रस्ता कोणीच चालवलेला नसतो. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी पाच-दहा मिनिटं निघतात. तेवढी फक्त थांबायची जागा गाठायला वापरायची.

आणि जागा हाच खरा प्रश्न आहे. समृद्धीवर धाबे नाहीत. पेट्रोल पंप आहेत, पण एकापासून दुसरा दूर, आणि झोप आल्यावर तो शोधायला लागलात तर तो नेमका मागे राहिलेला असतो. कडेच्या पट्टीवर गाडी लावून झोपायचं तर मुळीच नाही. 15 ऑक्टोबर 2023 ला मध्यरात्रीनंतर जांबरगाव टोलनाक्याजवळ सैलानीहून नाशिकला परतणाऱ्या भाविकांची गाडी रस्त्यावर थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि 12 माणसं गेली. आमच्या शहरापासून जांबरगाव तासाभराच्या आत आहे. त्या नाक्यावरून जाताना मी आजही कडेला उभी गाडी दिसली की दुसऱ्या लेनला सरकतो. मागून येणाराही अर्धझोपेत असू शकतो आणि अर्धझोपेतला माणूस समोरच्या लाल दिव्याकडेच गाडी नेतो.

म्हणून थांबे निघण्याआधीच ठरवून ठेवतो. परतीला पहिला भिवंडीच्या बाहेर, समृद्धीवर चढण्याआधीचा मोठा पंप. दुसरा सिन्नरच्या अलीकडे. पंप रात्रभर चालू हवा, संडास हवा, दिवा हवा आणि पोऱ्या जागा हवा. गेल्या गेल्या त्याला सांगायचं, "भाऊ, झोपतोय, पाचला काच वाजव." डिझेल तिथेच भरलं की तो नाही म्हणत नाही. गाडी बाहेर पडायच्या दिशेने तोंड करून लावायची, ट्रकच्या मागे कधीच नाही, कारण ट्रकवाला उठतो तो अर्धवट आणि मागे न बघताच रिव्हर्स टाकतो.

झोपायच्या आधी चहा. लोकांना हे उलटं वाटतं. पण चहा-कॉफीचा अंमल सुरू व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. पिऊन लगेच पडलं की वीस मिनिटांची डुलकी आणि चहा दोन्ही एकाच वेळी वर येतात. मात्र टपरीवरचा कटिंग त्यासाठी फार कमी पडतो, मी पूर्ण कप आणि कडक घेतो. गजर लावायचा तो वीस मिनिटांचा, नाहीतर सरळ दीड तासाचा. मधला पाऊण तास सगळ्यात वाईट. गाढ झोपेतून उठवलेला माणूस पुढची पंधरा-वीस मिनिटं मंद असतो. तसा उठलोच, तर गाडीभोवती चार फेऱ्या मारून, लघवीला जाऊन, मगच चावी लावायची. वीस मिनिटांची डुलकी रात्रीच्या झोपेचं कर्ज फेडत नाही, तास-दोन तास ढकलते एवढंच. पहाटे तीनला मी तिच्यावर विसंबत नाही. तेव्हा दीड तास, जमलं तर तीन.

सीट पूर्ण मागे, पाय डॅशबोर्डवर नाही तर शेजारच्या सीटवर, आणि इंजिन बंद. एप्रिल-मेमध्ये याचं पालन अवघड आहे हे मान्य. पण बंद गाडीत इंजिन चालू ठेवून एसीत झोपलेली माणसं उठलीच नाहीत, असं घडलेलं आहे. सायलेन्सरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धूर कुठूनतरी आत शिरतो आणि गुंगी येते ती झोपेसारखीच. मी दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं खाली ठेवतो आणि दाराला मच्छरदाणीची जाळी अडकवतो. दारं लॉक, चावी खिशात, पैसे सीटखाली नाही, अंगावर.

ट्रकवाल्यांचं दुखणं वेगळं. वाळूजला माल भरायला नंबर लागेपर्यंत दिवस जातो, तो दिवस झोपेचाही नसतो आणि कामाचाही नसतो. ऑगस्ट 2023 मध्ये खंडपीठाच्या आदेशाने कन्नडच्या घाटातून जड गाड्या बंद झाल्या, तेव्हा धुळ्याकडे जाणारे शिऊर-नांदगावकडून वळले आणि वर्षानुवर्षांचे त्यांचे झोपायचे धाबे रस्त्यावरून गेले. माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, बीड बायपासला राहतात, आयुष्य ट्रकवर गेलं. डिझेल चोरीच्या भीतीने झोपेतही त्यांचा एक कान टाकीकडे असतो. त्यांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य : "टंकी दीवार कू लगा, फिर सो." टाकीची बाजू भिंतीला चिकटली की चोराला नळी घालायला जागा उरत नाही आणि माणसाला खरी झोप लागते. दुसरं, गाडीखाली सावली मिळते म्हणून तिथे अंथरूण टाकायचं नाही, गाडी आपली असली तरी. हँडब्रेकवर त्यांचा भरवसा नाही.

2025 मध्ये नव्याने तयार होणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. चाचांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, इंजिन बंद ठेवून चालतो का? चालवताना चालेल, झोपताना नाही, असं म्हटल्यावर त्यांनी विषय सोडला. त्यांची गाडी तशीही जुनीच आहे.

आम्हा कारवाल्यांना एक जागा मात्र फुकट मिळाली आहे, अजिंठा. फर्दापूरच्या टी पॉइंटला खासगी गाड्या थांबतात, पाहुणे तिथून बसने लेण्यांकडे जातात आणि तीन-चार तास येत नाहीत. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून माझा झोपेचा आठवडाही त्यावर बसवलेला आहे. पण त्याच जागी बहुतेक ड्रायव्हर मोबाइलवर रील बघत बसतात आणि संध्याकाळी परतताना सिल्लोडच्या पुढे स्टिअरिंगवर डुलतात. वेरूळला अशी झोप जमत नाही. तिथे लेणी शहरापासून तासाभरावर, पाहुणे दोन तासांत बाहेर आणि लगेच "चलो".

राहिला शेठ. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात, तो 2025 मध्ये रद्द होईपर्यंत, दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. ते मी शेठला कधी सांगितलं नाही, कारण मालक कायद्यावर चिडतो आणि हिशेबावर विचार करतो. मी त्यांना हिशेब दिला. रिकामी परत येण्याऐवजी गाडी सकाळी सातपर्यंत मुंबईतच ठेवायची आणि इकडे येणारा पाहुणा शोधायचा. पहाटे उतरणारी विमानं भरपूर असतात. मी तीन ते सहा झोपतो, परतीचं भाडं सुटतं आणि नऊच्या अजिंठ्याला दुसरा ड्रायव्हर जातो. पाहुणा मिळाला नाही तरी थांबायचं, हे मात्र शेठने लगेच मानलं नाही. आता निम्म्या वेळा मानतात. उरलेल्या निम्म्या वेळी मी ग्राहकालाच आधी सांगतो, की भाड्यात रात्रीच्या मुक्कामाचे पैसे वेगळे लागतील. एका काकांनी घासाघीस करताना विचारलं, "आम्ही तर उतरून जाणार, तुमच्या झोपेचे पैसे आम्ही का द्यायचे?" मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही महिन्याने परत याल तेव्हा घ्यायला मीच येणार आहे. त्यांनी दिले.