आधी कौले, मग ओटा

आमच्या बेळगावच्या घराच्या बैठकीच्या खोलीत, दाराच्या डाव्या हाताला एक चटई कायम अंथरलेली असते. येणाऱ्याजाणाऱ्याला ती बसण्यासाठी ठेवली आहे असे वाटते, पण खरे कारण वेगळे आहे. त्या चटईखाली सहा फरशा अशा आहेत की ज्यांचा रंग उरलेल्या फरशीशी जुळत नाही. २०११ साली, नोकरीत असताना, हातात थकबाकीचे थोडे पैसे आले आणि आम्ही सर्वांत आधी बैठकीची फरशी बदलली. पाहुणे पहिले पाऊल तिथेच टाकतात, एवढाच विचार. पुढे तीन वर्षांनी फरशीखालून न्हाणीघराकडे जाणारा जुना लोखंडी नळ गंजून फुटला. तो काढण्यासाठी सहा फरशा फोडाव्या लागल्या, आणि दुकानात गेलो तर त्या छटेचा माल येणे केव्हाच बंद झाले होते. शिल्लक म्हणून चार फरशा ज्यादा घेऊन ठेवाव्यात, हे तेव्हा सुचले नव्हते.

निवृत्तीनंतर घराची खरी डागडुजी करायची ठरली तेव्हा ती चटई आम्हांला फार उपयोगी पडली. घर वडिलांनी १९६३ साली बांधलेले. पुढची बाजू मंगलोरी कौलांची, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांवर १९८४ साली घातलेला स्लॅब. जानेवारी २०२२ मध्ये एका अनुभवी अभियंत्यास घर दाखवून अंदाजपत्रक काढले. छप्पर आणि स्लॅब २ लाख १० हजार, वीज आणि नळ १ लाख ६० हजार, गिलावा १ लाख ४० हजार, फरशी दीड लाख, स्वयंपाकघर १ लाख ८० हजार, रंग १ लाख. एकूण ९ लाख ४० हजार. हाताशी होते ३ लाख, आणि निवृत्तिवेतनातून महिना १२ हजार बाजूला पडणार होते. कर्ज घ्यायचे नाही, हे दोघांचे ठरलेले. तेव्हा घर एकदम होणार नव्हते, वर्षाला एक तुकडा होणार होता. प्रश्न उरला क्रमाचा.

सौ.चे म्हणणे ओटा आधी व्हावा. कडाप्प्याच्या ओट्याला तडा गेलेला, मोरीतले पाणी तुंबणारे, आणि दिवसाचे सहा तास त्या ओट्यापुढे उभ्या त्याच. त्यांच्या म्हणण्यात काही खोट नव्हती. पण त्याच ओट्याच्या वर, स्लॅबच्या कोपऱ्यात, भाकरीएवढा पिवळट डाग होता आणि दर पावसाळ्यात तो ताटाएवढा होई.

डाग वाचायला आम्ही याच काळात शिकलो. पावसाळ्यात वाढणारा, कडेने पिवळी वर्तुळे सोडणारा डाग वरून येतो. बाराही महिने तेवढाच ओला राहणारा डाग बहुधा भिंतीतल्या नळाचा. आणि जमिनीपासून दोनतीन फुटांपर्यंत आडवा पट्टा, त्यावर पांढरी लोण्याची बुकटी, असे दिसले तर ओल जोत्यातून वर चढते आहे असे समजावे. शंका राहिली तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस दव जमले तर ओल भिंतीत आहे, खोलीकडच्या बाजूस जमले तर ती हवेतली आहे. आमच्या घरात पहिला आणि तिसरा असे दोन्ही डाग होते. गळक्या छपराखाली काहीही नवे केले की ते पुढल्या श्रावणात जुने होते. हे सौ.ना आम्ही समजावले असे म्हणवत नाही. त्यांनी एकदा डागाकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "करा तुमचे छप्पर. पण ओट्याचे पैसे वेगळ्या पासबुकात."

छपराचे काम शिमगा झाल्यावर लगेच धरले, कारण बेळगावात वळीव केव्हा दार ठोठावील याचा नेम नसतो आणि उघड्या वाशांवर वळीव कोसळणे कुणाच्याच हिताचे नाही. मंगलोरी कौलांची एक खोड असते. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, आणि फुटलेल्या जागी नवी कौले मधेमधे कोंबली की तिथूनच पाणी आत शिरते. आमच्या गवंडीमामांनी सर्व कौले उतरवून घेतली, वाजवून पाहिली, जी खणखणीत होती ती सगळी मागच्या उतारावर चढवली आणि पुढच्या उतारावर एकाच कारखान्याची नवी घातली. निम्म्याहून अधिक कौले अशी वाचली. मात्र कौले उतरल्यावर खाली रिपांना वाळवी लागलेली निघाली, आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसले नसते. २ लाख १० हजारांचे २ लाख ३८ हजार झाले. तेव्हापासून अंदाजाच्या वर सातवा हिस्सा बँकेत असल्याखेरीज कामाला हात घालायचा नाही, असा आम्ही नियम केला.

स्लॅबवर जुना पोपडा काढून विटांच्या तुकड्यांचा कोबा केला. या कोब्याचे वजन बरेच पडते, म्हणून स्लॅब ते पेलील की नाही हे अभियंत्यास आधी विचारून घेतले होते. पाणी नेमके जिथे मुरते तो सांधा, म्हणजे स्लॅब आणि कठडा यांची जोड, तिथे गोलसर वाटा काढला. काम झाल्यावर पन्हाळीचे तोंड बंद करून दोन बोटे पाणी दोन दिवस साठवून ठेवले आणि खाली डागाकडे पाहत बसलो. डाग वाढला नाही. तरीही मजुरीचा दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत द्यायचा नाही, हे बोली करतानाच ठरलेले होते. मामांनी त्याचे वाईट वाटून घेतले नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच छत्री घेऊन आले, वर चढले, खाली आले आणि पैसे घेऊन गेले.

आमचा क्रम इथवर अगदी शहाणपणाचा होता. मग ऑगस्ट २०२२ मध्ये आई न्हाणीघरात पडली. तिचे वय तेव्हा ८५. मनगट मोडले, दीड महिना प्लास्टर. न्हाणीघराची गुळगुळीत फरशी आम्ही फरशीच्या तुकड्यात, म्हणजे चौथ्या वर्षात, घातली होती. फरशी म्हणजे फरशी, ती सगळी एकाच वेळी, असे कागदावर नीटनेटके दिसत होते. दवाखान्यातून आल्यावर आठ दिवसांत तिथे खरखरीत फरशी बसवली, उंबरा काढून उतार केला आणि भिंतीत साधारण तीन फूट उंचीवर पोलादी दांडी बसवली. दांडीचे बोल्ट गिलाव्यात नव्हे, विटेत खोल गेले पाहिजेत, नाहीतर आधारासाठी धरलेली दांडी माणसासकट खाली येते. सगळ्याचा खर्च आला ९ हजार. साडेनऊ लाखांच्या कागदावर ही ९ हजारांची ओळ पहिली असायला हवी होती. आई मात्र कुणाला दोष न देता नव्या दांडीला धरून म्हणाली, "ही तुझ्या वडिलांनाही उपयोगी पडली असती." वडिलांना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. यावर आम्हांला काही बोलता आले नाही.

२०२३ साली वीज आणि नळ. ही दोन्ही कामे भिंती फोडून होतात, म्हणून ती गिलाव्याच्या आधी. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगला अर्थिंगच नव्हते. ते केले, गीझरला जाड तारेची स्वतंत्र लाईन दिली, आणि गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. नळांची तोंडे बंद करून पंपाने दाब भरला आणि रात्रभर काटा उतरतो का पाहिले. तो उतरला नाही, तेव्हाच भिंती बुजवू दिल्या. बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढले, म्हणजे उद्या खिळा ठोकताना नळ कुठे आहे ते कळेल.

याच वेळी सौ.नी जे केले ते आम्हांला सुचले नसते. स्वयंपाकघराचे पैसे अजून जमले नव्हते. त्यांनी खडू घेतला आणि रिकाम्या भिंतीवर पुढे होणारा ओटा काढला. इथे मोरी, इथे मिक्सर, इथे पाणी शुद्ध करायचे यंत्र, इथे धूर ओढणारा पंखा. वायरमन आणि नळवाले त्या खडूच्या रेघांवरून चालले. जिथे आज काही नाही तिथेही रिकामी नळी भिंतीत गेली आणि तोंडावर बूच बसले. या सगळ्याने खर्च १ लाख ७२ हजारांवर गेला, पण उद्या ओटा होताना नवी भिंत फुटणार नाही. जुना ओटा तसाच, तडा गेलेला, त्या बुचांच्या खाली अजून उभा आहे.

कचेरीत असताना दर मार्चमध्ये निधी परत जाऊ नये म्हणून आम्ही किती कामे घाईने उरकून घेतली, ते आता सांगण्यात संकोच नाही. घरचा पैसा ३१ मार्चला परत जात नाही, हे उमजायला निवृत्त व्हावे लागले. २०२४ मध्ये गिलावा झाला. जोत्यालगतचा लोणा लागलेला भाग विटेपर्यंत खरवडून काढला आणि अंगणाची माती जोत्याच्या खाली एक वीत उतरवली, कारण वर्षानुवर्षे भराव पडून ती जोत्यावर चढली होती आणि ओल तिथूनच येत होती. रंगाला त्या वर्षी हात लावला नाही. गिलावा एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहू दे, असे मामा म्हणाले. भिंती करड्या राहिल्या आणि दिवाळीला आलेल्या नातलगांनी काम अर्धवट का, असे विचारले.

२०२५ साली फरशीचा भाव दीड लाखाचा १ लाख ७० हजार झाला आणि आमच्याजवळ १ लाख ६१ हजार होते. नियमाप्रमाणे सातवा हिस्सा वर हवा, तो तर दूरच. तेव्हा आईची खोली आणि मधली खोली एवढीच केली, प्रत्येकीच्या दहा फरशा जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवल्या. बैठकीची खोली सोडली. तिची फरशी गुळगुळीत नाही, खालचे नळ नवे आहेत, आणि कुणी पडण्याची भीती नाही. उरलेले पैसे सौ.च्या पासबुकात गेले.

चटई अजून तिथेच आहे. सकाळी उन्हाची तिरीप दारातून आत आली की आई तिच्यावर येऊन बसते आणि शेंगा निवडते.