पदर एक, रंग निराळे

निपाणी-बेळगावकडच्या आमच्या पिढीच्या घरांत जुना दिवाळीचा फोटो असलाच, तर तो बहुधा काळा-पांढरा असतो. त्यातल्या साड्यांचे रंग कोणते होते हे सांगणारे आता फारसे कोणी उरलेले नाही. तरी एक गोष्ट त्या फोटोतही लख्ख दिसते. आजी, काकी, थोरली आत्या अशा तिघी-चौघी सोप्यात शेजारी बसलेल्या असतात. कुणाचे लुगडे बारीक चौकड्यांचे, कुणाचे साधे, कुणाचे फिकट, कुणाचे गडद. पण खांद्यावरून पुढे आलेला पदर सगळ्यांचा एकच, गडद जमिनीवर पांढऱ्या पट्ट्यांचा. तो इरकलीचा टोपपदर.

इरकल येते बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून. तिथले विणकर लुगड्याच्या अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा धरतात आणि दोन्हींची टोके एकमेकांत फासे घालून जोडतात. अंगाला सूत, पदराला रेशीम. अंग हिरवे असो, डाळिंबी असो, निळे किंवा काळे असो, पदर मात्र लाल आणि त्यात पांढरे पट्टे. काठही बहुतेक तांबड्या घरातलाच. त्यामुळे जावाजावांनी आपापल्या आवडीचे लुगडे घेतले तरी चौघी एकत्र बसल्या की रंग भांडत नसत. आज ज्यासाठी आपण आठवडाभर खल करतो ते काम तेव्हा मागच करून देत असे.

आता दिवाळीच्या तीन आठवडे आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘या वेळी रंग कोणता?’ पुण्याहून पुतणी फोटो टाकते, बेंगळुरूहून जावई अंगठा दाखवतो, आणि कुणाची तरी साडी पार्सलने येते ती पडद्यावर दिसली त्याहून निराळ्या रंगाची निघते. मध्यंतरी काही वर्षे सगळ्या घराने अगदी एकाच रंगाचे कपडे घालण्याची चाल आली. नवरात्रातल्या नऊ दिवसांच्या नऊ रंगांनी त्या आवडीला बळ दिले. पण घरातली नऊ माणसे एकाच राणी रंगात उभी राहिली की फोटोत आधी रंग दिसतो आणि मग माणसे शोधावी लागतात. ते ध्यानात आल्यावर नव्या मुली आता म्हणतात, रंग एका घराण्यातले असावेत, एकच नको. आमच्या आजीला हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

अगदी एकसारखे कपडे आम्हीही घातले आहेत, फक्त त्यामागे आवड नव्हती. वडील बाजारातून एकच तागा आणत. शर्ट-चड्ड्या आणि झगे सगळे त्यातूनच बेतले जात, आणि ‘जरा वाढत्या मापाचे शिव’ असे शिंप्याला बजावले जाई. चुलत भावंडे मिळून सात-आठ जण एकाच चौकड्यात ओळीने उभे राहत. थोरल्याचा शर्ट पुढच्या वर्षी धाकट्याच्या अंगावर यायचा, म्हणजे धाकट्याला तोच चौकडा दोन वर्षे. आम्हाला काय आवडते हे कोणी विचारत नसे. त्या फोटोकडे बघून आज गहिवर येतो, पण तेव्हा मनातून तो शर्ट नको असायचा हेही तितकेच खरे आहे.

आता चार वर्षांचे पोरही सांगते, मला निळा हवा. आणि ते ऐकले जाते, हे चांगलेच झाले.

याहून गंभीर गोष्ट विधवा बायकांची. लाल पदर, हिरवा चुडा, खणाची चोळी हे सगळे सवाष्णींचे. नवरा गेलेल्या आत्याला फोटोच्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचे, किंवा ती फिकट लुगड्यात मागच्या कोपऱ्यात उभी राहायची. जुन्या रंगसंगतीचे कितीही कौतुक केले तरी ती संगती काही माणसांना बाहेर ठेवून जमलेली होती, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आज आमच्या घरच्या फोटोत तशीच एक काकी मधोमध, वांगी रंगाची इरकल नेसून बसते.

फोटोवाल्याचे शास्त्रही तेव्हा निराळे होते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल आणि हिरवा, दोन्ही सारखे गडद असले, तर जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरतात. म्हणून स्टुडिओतला माणूस रंग विचारत नसे. तो डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, ‘वैनी, तुम्ही इकडं या, काळ्याशेजारी काळं नको.’ गडदाशेजारी फिकट, फिकटाशेजारी गडद, एवढाच त्याचा हिशेब होता, आणि त्या हिशेबाने चेहरे उठून येत. पुढे रंगीत रोल आले, आम्ही हरखलो आणि तो हिशेब विसरलो. त्या काळातल्या पुष्कळशा रंगीत प्रतींमधला निळसर रंग आधी विटतो, त्यामुळे सगळा फोटो तांबूस पडतो आणि हिरवे लुगडे तपकिरी दिसू लागते. त्यांच्या आधीचे काळे-पांढरे फोटो मात्र अजून शाबूत आहेत.

आता गंमत अशी की, रंग जमले की नाही हे बघायचा आजचा सर्वांत खात्रीचा उपाय त्या स्टुडिओवाल्याचाच आहे. सगळ्यांचे कपडे पलंगावर शेजारी पसरायचे, फोनवर एक फोटो काढायचा आणि तो काळा-पांढरा करून बघायचा. सगळे एकाच करड्या रंगाचे दिसले तर रंग कितीही छान असले तरी माणसे एकमेकांत विरघळणार. निदान तीन पायऱ्या दिसायला हव्यात, एक गडद, एक मधली आणि एक फिकट.

आमच्या घरचा मागचा पाडव्याचा फोटो असाच जमवला. माणसे नऊ. सुरुवात नव्या खरेदीपासून न करता आजीच्या पेटीतल्या सर्वांत जुन्या लुगड्यापासून केली. ते गडद हिरवे, पदर लाल, पट्टे पांढरे, काठात थोडा पिवळा धागा. म्हणजे हिरवा, लाल, पांढरा आणि पिवळा हे चार रंग त्या लुगड्यानेच दिले. मग ते वाटले, पण एक लाल सोडला तर कुणालाही जसेच्या तसे दिले नाहीत. हिरव्याचे मेंदी आणि पिस्ता झाले आणि ते दोघा मुलांच्या झब्ब्यांना गेले. पिवळ्याची मोहरीसारखी मंद छटा थोरल्या सुनेला गेली, कारण भडक पिवळ्याचा उजेड हनुवटीवर उलटा पडतो आणि चेहरा आजारी दिसतो. वांगी रंग काकीला आणि मातकट गुलाबी धाकट्या सुनेला. आजोबांच्या धोतर-सदऱ्यासाठी निळीचा झगझगीत पांढरा टाळून मोतिया घेतला, कारण उन्हात शुभ्र पांढऱ्याच्या चुण्या फोनच्या कॅमेऱ्यात पुसल्या जातात आणि नजर तिथेच जाऊन अडकते. नातवाला मळखाऊ निळा, त्याच्या हट्टाने. भर लाल फक्त एका ठिकाणी ठेवला, नातीच्या खणाच्या परकर-पोलक्यात.

खणाने थोडा त्रास दिला. गुळेदगुड्डच्या खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून तो एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने जांभळट चमकतो. फ्लॅश मारला की ती चमक पांढरी पडते. फ्लॅश बंद केला, सगळ्यांना सोप्याच्या दारात, उन्हाच्या अलीकडे बसवले आणि चमक जागेवर आली. बारीक चौकड्यांचे लुगडे असते तर आणखी एक अडचण आली असती. लांबून काढलेल्या फोटोत अशा चौकड्यांवर पाण्यासारख्या लाटा उमटतात. त्यावर दोन पावले पुढे जाऊन काढणे हाच उपाय.

एवढे करूनही काळ्या-पांढऱ्या तपासणीत एक गोष्ट सापडली. नात आजीच्या मांडीवर बसली की तिचा लाल आणि आजीचा हिरवा एकच काळा गठ्ठा होत होता. तिला हलवायची कुणाची तयारी नव्हती. मग आजीनेच पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतला. ते पांढरे पट्टे दोघींच्या मध्ये आले आणि दोघी सुट्या दिसू लागल्या.

आमच्या भागात रंग निवडताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. 1 नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात आणि दुसरीकडे मराठी मंडळींचा काळा दिवस. दिवाळी कितीदा त्याच सुमारास येते. 2024 साली तर लक्ष्मीपूजन नेमके 1 नोव्हेंबरला होते. पूर्वी त्या दिवसांत कोणी कोणते कपडे घातले याकडे गल्लीची नजर असायची. आता मराठी घरात कन्नड सून आणि कन्नड घरात मराठी जावई आहेत, आणि फोटोसाठी काय घालायचे हे घरात बसून एकमेकांना विचारून ठरते. इरकल मात्र दोन्ही भाषांच्या आज्या नेसत होत्या आणि दोघींच्या पदरात तोच लाल होता.

मला खरी हळहळ वाटते ती एका छोट्या रीतीची. बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या पेठेत, दुकानाच्या पांढऱ्या गादीवर पाच-सहा लुगडी पसरली की आई एक उचलायची आणि दुकानाच्या पायरीवर, उजेडात न्यायची. मागोमाग काकी, तिच्या मागे आम्ही. ‘आतल्या उजेडात हिरवं दिसतंय, बाहेर काळं पडतंय,’ असे म्हणून ते परत जायचे. दिव्याखाली जुळणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात जुळतीलच असे नसते, हे त्या पायरीवरच आम्ही शिकलो. दुकानदार कंटाळत असेल, आम्ही पोरेही कंटाळत होतो, आणि त्या सगळ्यात तीन तास जात. तेवढा वेळ आता कुणाकडे नाही, आणि पार्सल घरी येते याची सोय मीही घेतो. पण त्या पायरीवर घरातल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर लुगडे टाकून बघत. कुणाला काय शोभते हे घरातल्या प्रत्येकीला माहीत असायचे. ग्रुपवरच्या चौकोनी फोटोंतून ते कळत नाही.

तेव्हा या दिवाळीला दोन गोष्टी करा. रंग ठरवायला घरातल्या सर्वांत जुन्या लुगड्यापासून सुरुवात करा आणि ते जिचे आहे तिला आधी निवडू द्या. आणि फोटोची एक प्रत कागदावर काढून तिच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा की कोणी काय नेसले होते, रंग कोणता होता आणि लुगडे कुठून घेतले होते.